सोसायटीचा हिशेब संगणकावर गेला. पण बेरीज जुळली म्हणजे ताळा लागला का?

विविध कार्यकारी सोसायट्यांच्या खतावण्या आता कपाटातून संगणकात चालल्या आहेत. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर आणि कामावर देखरेख नाबार्डची. गावात प्रश्न मात्र साधा आहे. आपल्या नावावरचं येणं जसंच्या तसं नव्या ठिकाणी गेलं का?

बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, "तेरीज जुळली." म्हणजे जुन्या वहीतली एकूण येणे रक्कम आणि सॉफ्टवेअरमधली रक्कम सारखी आली. हिशेबाच्या भाषेत ही कंट्रोल टोटल. ती हवीच, पण तेवढ्यावर भागत नाही. का ते चार खात्यांवर पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत.

खाते ११२ – ८५,००० रुपये
खाते १२७ – १,२०,००० रुपये
खाते १४० – ६२,५०० रुपये
खाते १५३ – ४०,००० रुपये

एकूण येणे ३,०७,५०० रुपये, खाती चार. आता खाते नंबरांचीही बेरीज करायची, ती येते ५३२. या आकड्याला व्यवहारात काहीच अर्थ नाही, तो फक्त ताळ्यासाठी. यालाच हॅश टोटल म्हणतात.

समजा, भरताना एक खातं राहून गेलं. नव्या यादीत खाती तीन आणि नंबरांची बेरीज ३९२ आली. फरक १४०. एकच खातं राहिलं असेल तर ते कोणतं, हे फरकच सांगतो.

दुसरी चूक जास्त फसवी. १४० नंबरचं कर्ज भरणाऱ्याने १०४ नंबरवर टाकलं. खाती चारच, रक्कमही ३,०७,५०० च. तेरीज जुळते, आणि १०४ नंबरच्या माणसाच्या डोक्यावर न घेतलेलं कर्ज बसतं. इथे हॅश टोटल ४९६ येते. फरक ३६, त्याला नऊने भाग जातो. असा भाग गेला की नंबरातल्या आकड्यांची अदलाबदल झाली का, हे आधी बघावं.

तिसरी चूक या तिन्ही ताळ्यांतून निसटते. १२७ आणि १५३ यांच्या रकमा एकमेकांच्या नावावर गेल्या, तर खाती, रक्कम आणि नंबरांची बेरीज तिन्ही बरोबरच येतात. मग प्रत्येक खात्याचा नंबर त्याच्या रकमेने गुणायचा आणि गुणाकारांची बेरीज घ्यायची. मूळ यादीची ही बेरीज ३,९६,३०,००० येते, अदलाबदल झालेल्या यादीची ४,१७,१०,०००. फरक लगेच उघडा पडतो. संगणकावर एक्सेलमध्ये ए स्तंभात खाते नंबर आणि बी स्तंभात रक्कम असेल, तर एक ओळ पुरते:

```
=SUMPRODUCT(A2:A5,B2:B5)
```

पण हे सगळं नीट व्हायला दोन पथ्यं आहेत. पहिलं, एक तारीख ठरवायची, समजा ३१ मार्च, आणि ताळा लागेपर्यंत त्या तारखेनंतरची वसुली नव्या यादीत मिसळायची नाही. दुसरं, जुन्या बाजूची बेरीज मूळ खतावणीवरून घ्यायची आणि नव्या बाजूची सॉफ्टवेअरच्या छापील अहवालावरून. माहिती भरायला केलेल्या तक्त्याचीच बेरीज दोन्हीकडे धरली, तर तक्ता त्याच तक्त्याशी जुळणार. त्यातून काहीच कळत नाही.

मुद्दल, व्याज आणि शेअर्स यांच्या बेरजाही वेगवेगळ्या घ्याव्या लागतात. व्याज मुद्दलात मिसळलं तर एकूण आकडा तोच राहतो, पण पुढे व्याजावर व्याज चढतं.

परतफेडीची तारीख रकमेच्या बेरजेत दिसतच नाही. ती चुकली तर वेळेत भरणारा सभासद थकीत दिसू शकतो आणि पीककर्जावरची व्याज सवलत अडकू शकते. म्हणून कोणत्या तारखेला किती खाती देय आहेत, ही मोजणी दोन्हीकडे वेगळी करावी लागते.

आणि एक मर्यादा आहेच. जुन्या वहीतच चूक असेल, तर ती चूकही तंतोतंत नव्या सॉफ्टवेअरमध्ये जाते आणि सगळे ताळे जुळतात. भरलेल्या हप्त्याची पावती घरात आहे पण वहीत नोंद नाही, हे कोणतीही बेरीज सांगणार नाही. ते सभासदाने स्वतःचा खातेउतारा मागून पावत्यांशी ताडल्यावरच कळतं. जुनी वही कपाटात बंद व्हायच्या आधी हा उतारा मागितलेला बरा.