कोटा रोजचा, हिशेब महिन्याचा!

जळगाव-धुळ्याच्या एखाद्या हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या कामगार स्त्रीचे मूळ वेतन १३,००० रुपये आहे, असे समजू. रोजचा कोटा १४ खोल्यांचा. त्यापुढील प्रत्येक खोलीस १५ रुपये. लग्नसराईच्या १० दिवसांत तिने रोज १८ खोल्या आवरल्या. जादा खोल्या ४०. हक्काची कमाई १३,६०० रुपये. उरलेल्या १६ दिवसांत गिऱ्हाईकच नव्हते. वाट्याला रोज १२ खोल्या आल्या. मालक मात्र महिन्याची बेरीज मांडतो : ३७२ वजा ३६४, जादा खोल्या ८, हाती १३,१२० रुपये. धंद्यातील मंदीचा भुर्दंड असा श्रमिकाच्या माथी बसतो. म्हणून आवरलेल्या खोल्यांची रोजची नोंद, पर्यवेक्षकाच्या सहीसह, कामगाराच्याच हाती असली पाहिजे. संघटनेची पहिली मागणी हीच असावी.