पडद्यावर २०१८, कागदावर २०१९

धुळ्याच्या देवपुरातल्या एका तरुणाची पुण्यातली नोकरी या आठवड्यात अडकली. त्याने काहीही खोटं केलेलं नव्हतं, आणि म्हणूनच ही गोष्ट जिव्हारी लागते. ऑफर लेटर हातात होतं, रुजू व्हायची तारीख ठरली होती. तेवढ्यात पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा शेरा आला: आधीच्या कंपनीत या नावाची नोंद नाही.

लिंक्डइनवर त्याने लिहिलं होतं, चाकणचा मोठा कारखाना, सिनियर क्वालिटी इंजिनिअर, ऑगस्ट २०१८ ते मार्च २०२१. रिझ्युमेत कारखाना तोच, पण हुद्दा नुसता क्वालिटी इंजिनिअर आणि सुरुवात ऑगस्ट २०१९. पीएफच्या पोर्टलवर `Service History` उघडली तर तिसरंच चित्र दिसलं: आस्थापना म्हणून मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचं नाव, रुजू १ ऑगस्ट २०१९ आणि सोडल्याची तारीख कोरी.

तिन्ही ठिकाणी खरंच लिहिलेलं आहे. पहिलं वर्ष तो ॲप्रेंटिस होता. ॲप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या उमेदवाराला पीएफ लागू नसतो, म्हणून ते वर्ष पोर्टलवर नाही. पुढे तो कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर गेला; काम, गणवेश, गेटपास मात्र कारखान्याचेच राहिले. ‘सिनियर’ त्याला लाइनवरचे लोक म्हणायचे, नेमणूकपत्र नाही. एजन्सीने प्रोफाइलवरचं नाव धरून कारखान्याच्या एचआरला मेल केला. एचआरने पगारपत्रक पाहिलं आणि ‘नोंद नाही’ असं खरं तेच कळवलं.

पडताळणी करणाऱ्याकडे ठरलेले प्रश्न असतात: एम्प्लॉई कोड, रुजू तारीख, शेवटचा दिवस, हुद्दा, सोडण्याचं कारण. माणूस कसा आहे, हे तिथे कुणी ताडून पाहत नाही. नोंदीशी नोंद जुळते का, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे अशा नोकरीची ओळ एकाच पद्धतीने लिहायला हवी: आधी कंत्राटदाराचं नाव, मग ‘नेमणूक अमुक कारखान्यात’. ॲप्रेंटिसचं वर्ष वेगळ्या ओळीत, ‘ॲप्रेंटिस’ याच हुद्द्याने. हुद्दा नेमणूकपत्रावरचा घ्यावा; प्रत्यक्षात वरचं काम केलं असेल तर ते खालच्या वर्णनात मांडावं. दोन्हीकडे महिना आणि वर्ष लिहावं. ‘२०१९–२०२१’ एवढंच लिहिलं तर ते चौदा महिनेही असू शकतात आणि छत्तीसही.

सोडल्याच्या कोऱ्या तारखेला उपाय आहे. जानेवारी २०२० पासून सभासदाला पोर्टलवर `Mark Exit` मधून ती स्वतः भरता येते, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की. ही तारीख रिलिव्हिंग लेटरवरचीच टाकावी. रिलिव्हिंग लेटर शेवटच्या दिवशीच हातात घ्या, हा या स्तंभाचा जुना हट्ट आहे आणि तो सुटणार नाही, कारण पुढच्या सगळ्या तारखा त्याच कागदावर टेकतात.

जळगावच्या बाजूला अडचण निराळी. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या लहान डाळ मिलला किंवा चटईच्या युनिटला पीएफ सहसा लागू होत नाही. तिथल्या अकाउंटंटचं `Service History` मध्ये काहीच नसतं, मग बँकेत जमा झालेला पगार आणि मालकाच्या सहीचं अनुभवपत्र हेच पुरावे. रोख पगार घेतलेल्याकडे तेवढंही उरत नाही.

शिक्षणाच्या ओळीतही खान्देशाची एक खास गाठ आहे. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. जुन्या पदवीवर एक नाव आणि प्रोफाइलवर दुसरं, असं त्यामुळे सहज घडतं. पदवीवर छापलेलं नाव आधी लिहून पुढे ‘आताचं नाव’ जोडलं की बाहेरच्या एजन्सीला ही दोन विद्यापीठं वाटत नाहीत. वर्षाचंही तसंच: परीक्षा एका वर्षी, दीक्षान्त समारंभ पुढच्या वर्षी. उत्तीर्ण झाल्याचं वर्ष गुणपत्रिकेवरून घ्यावं आणि दोन्हीकडे तेच ठेवावं.

मे २०१२ मध्ये याहूचे मुख्याधिकारी स्कॉट थॉम्पसन पायउतार झाले, तेही शिक्षणाच्या अशाच एका ओळीवरून. परिचयात हिशेबशास्त्र आणि संगणकशास्त्र अशा दोन्ही विषयांची पदवी लिहिलेली होती. १९७९ ची त्यांची पदवी फक्त हिशेबशास्त्राची निघाली. तिथे दावाच चुकीचा होता. देवपुरातल्या मुलाचा दावा बरोबर आहे, तरी पहिल्या अहवालात दोघांसमोर एकच शब्द येतो: विसंगती.

या तरुणाने आता ॲप्रेंटिसचं प्रमाणपत्र, कंत्राटदाराचं पत्र आणि पगाराच्या नोंदी दाखवणारं बँक स्टेटमेंट पाठवलं आहे. प्रोफाइलवरचा ‘सिनियर’ काढला आहे आणि तो बदल पुण्यातल्या कंपनीच्या एचआरला मेलने स्वतःहून कळवला आहे, गुपचूप केलेला नाही. फेरपडताळणी सुरू आहे. रुजू व्हायची तारीख मात्र कंपनीने पुढे ढकलली आहे, आणि हातातल्या नोकरीचा राजीनामा त्याने कधीच दिलेला आहे.

— खान्देशकर