आधी मोजा, मग हात लावा

आमच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबचे इन्स्ट्रक्टर सर यंदा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात ते जेमतेम चार मिनिटं बोलले, तेही हिंदीत, आणि त्यातला बराचसा वेळ एका न लुकलुकणाऱ्या एलईडीवर गेला. मागच्या रांगेत कुजबुज झाली, की हे कसलं निरोपाचं भाषण! मला ते पटत नाही. आपल्या प्रॅक्टिकलला मार्क कसे दिले जातात, यावर त्या चार मिनिटांत सरांनी नेमकं बोट ठेवलं होतं.

सर म्हणाले, "संयम म्हणजे गप्प बसून राहणं नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी मोजा."

उदाहरण त्यांनी आमच्याच बॅचचं दिलं. ५५५ ही आयसी वापरून एलईडी लुकलुकवायचा होता. पुरवठा ९ व्होल्टचा, १० आणि ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एलईडी सेकंदाला साधारण दीड वेळा लुकलुकायला हवा होता. एका टेबलावर तो नुसताच पेटून राहिला. तिथल्या गटाने आयसी बदलली, दोन-तीन वायरी उपसून पुन्हा खोचल्या, आणि एलईडी लुकलुकायला लागला. सगळ्यात आधी काम झालं म्हणून त्यांना पूर्ण मार्क मिळाले. दुसऱ्या दिवशी बोर्ड दाखवायला उचलला, तर एलईडी परत पेटलेलाच!

त्या संध्याकाळी सरांनी बोर्डाला हात लावण्याआधी मीटर घेतला. या सर्किटमध्ये कपॅसिटर दोन रेझिस्टरमधून भरत जातो. व्होल्टेज पुरवठ्याच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे ६ व्होल्टवर पोचलं की पिन ६ ला ते कळतं. मग एलईडी विझतो आणि कपॅसिटर रिकामा होऊ लागतो. ३ व्होल्टवर आला की पिन २ ला कळतं आणि एलईडी पुन्हा पेटतो. दोन्ही पिना एकाच कपॅसिटरवर लक्ष ठेवतात, म्हणून त्या एका वायरने जोडलेल्या असतात.

पण हे सगळं इतक्या भराभर होतं, की मीटरवर आकडे नुसते नाचतात. म्हणून सरांनी ठरवून एकच बदल केला: १० च्या जागी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. भाषणातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य इथलंच आहे. "तुम्हाला घाई असेल, तर सर्किटला सावकाश करा." आता एक फेरी सुमारे सात सेकंदांची व्हायला हवी होती, म्हणजे आकडे डोळ्यांनी वाचता येणार होते. पिन २ वर ४ दिसले, ५ दिसले, ६ दिसले, आणि आकडा मागे न फिरता ७, ८ करत जवळजवळ ९ पर्यंत गेला. म्हणजे कपॅसिटर ठीक, रेझिस्टर ठीक. ६ व्होल्टची वेळ आली ती पिन ६ ला कळलीच नाही. मीटरची सुई सरांनी थेट आयसीच्या पिन ६ च्या पायावर टेकवली. तिथे शून्य! त्या पायाशी येणाऱ्या वायरचं टोक कमी सोललं होतं. ब्रेडबोर्डच्या आतल्या क्लिपने तांब्याऐवजी प्लास्टिक धरलं होतं. वरून बघताना वायर अगदी घट्ट बसलेली दिसत होती. सुई वायरवर टेकवली असती तर मीटरनेही सगळं ठीकच दाखवलं असतं. आदल्या दिवशी वायरी उपसून खोचताना तांबं कसंबसं टेकलं होतं, एवढंच.

हाच माझा मुद्दा आहे. त्या गटाने दोष काढलाच नव्हता, फक्त हलवला होता. चार गोष्टी एकदम बदलल्यावर सर्किट चालू झालं, तर चारांपैकी काय बिघडलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि चांगली आयसी उगाच खराबच्या डब्यात जाते. (त्या डब्यातल्या किती आयसी खरोखर खराब आहेत, हे एकदा तपासायला हवं.)

कुणी म्हणेल, फौजेत वेळेला किंमत आहे. आहेच. सरांनीही एक अपवाद सांगितला. आयसीला बोट लावल्यावर चटका बसला किंवा जळका वास आला, तर मोजत बसू नका, आधी बॅटरी काढा. तिथे घाईच हवी. बाकी वेळी तीन रीडिंग घ्यायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

नवे इन्स्ट्रक्टर पुढच्या सत्रात येतील. त्यांना माझी विनंती आहे, की एलईडी आधी कुणाचा लागला यावरचे मार्क कमी करावेत. त्याऐवजी वहीत तीन रकाने असावेत: काय मोजलं, किती यायला हवं होतं, आणि मग कोणती एक गोष्ट बदलली. सर्किट शेवटपर्यंत चाललं नाही तरी हे रकाने नीट भरणाऱ्याला अर्धे मार्क मिळावेत. १०० मायक्रोफॅरडचे थोडे जास्तीचे कपॅसिटर मात्र लॅबमध्ये मागवावे लागतील, सध्या आमच्या खोक्यात दोनच उरलेत.