मधला आकडा

रिव्ह्यूतल्या सगळ्या कॉमेंट निमूट मान्य करणाऱ्याला आपल्याकडे समंजस म्हणतात. मी पळपुटा म्हणतो.

टीममधल्या ज्युनिअरचं पेमेंटचं डिझाइन डॉक्युमेंट घ्या. एक म्हणाला, ‘रिट्राय काढा, पैसे दोनदा कापले जातील.’ दुसरी म्हणाली, ‘तीन कमी आहेत, पाच करा.’ मॅनेजरचा तोडगा: एक ठेवा, दोघंही खूश!

पण मुद्दा आकड्याचा नव्हताच. प्रत्येक रिट्रायसोबत तीच आयडेम्पोटन्सी की गेली, तर सर्व्हर जुनी रिक्वेस्ट ओळखतो, पैसे पुन्हा कापत नाही. की नसेल तर एक रिट्रायही घातक. हे चौथ्या पानावर होतं. तिथवर दोघंही पोचले नव्हते.

आम्ही ते पहिल्या परिच्छेदात आणलं. पाच मान्य केले. ‘रिट्राय नकोच’ हे कारणासकट नाकारलेल्या पर्यायांत लिहिलं, त्याच्या नावासह.