‘कॉपी’च्या शिक्क्याखालचा पगार वाचताना

करार सहीला येतो तेव्हा तो बहुतेक वेळा फोटो म्हणून येतो, तोही व्हॉट्सॲपवर. पानभर तिरक्या फिकट अक्षरांत ‘कॉपी, कॉपी’ छापलेलं असतं आणि त्या जाळीतून पगाराचा आकडा शोधावा लागतो. घाईत वाचलं की शिक्क्याचं अक्षर आकड्यात मिसळतं, आणि मग गावी घेतलेल्या कर्जाचा हिशेब चुकीच्या रकमेवर बसतो.

सगळीच अक्षरं फसवत नाहीत. इंग्रजी ‘कॉपी’मधलं ओ कितीही तिरकं केलं तरी गोलच राहतं, म्हणून ते शून्यासारखं दिसतं. वायची गंमत वेगळी आहे. शिक्का खालून डावीकडून वर उजवीकडे चढत गेला की वायची उजवी फांदी जवळपास उभी होते आणि इंग्रजी एकसारखी दिसते. इथल्या करारात इंग्रजीसोबत अरबी मजकूरही असतो. अरबी आकड्यांत गोल म्हणजे पाच आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणजे तेच ओ एका बाजूला शून्य वाटतं आणि दुसऱ्या बाजूला पाच.

दुबईतल्या एका साइटवरच्या स्टील फिक्सरच्या कराराचं उदाहरण घेऊ. फोटोत मूळ पगार १८०० वाचला जात होता. खाली घरभाडं ३००, इतर भत्ता ३०० आणि एकूण १४०० दिरहम. आता १८०० अधिक ६०० म्हणजे २४०० झाले असते. एकूण १४०० असेल तर मूळ पगार ८००च हवा. पुढचा ‘एक’ वायची फांदी होती. साइटवर आपण ड्रॉइंगची एकेक मापं जोडून एकूण मापाशी ताळा करतो ना, तोच हा ताळा.

फरक फक्त महिन्याच्या पगारापुरता नाही. यूएईच्या २०२१च्या कामगार कायद्यात ओव्हरटाइम मूळ पगारावर २५ टक्के जास्त धरून मिळतो. वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी असते. महिना ३० दिवसांचा धरला तर ८०० वर वर्षाचे ५६० दिरहम होतात, आणि १८०० वर १२६०. चुकीचा आकडा मनात धरून बसलेला माणूस शेवटच्या हिशेबाला ‘कंपनीने फसवलं’ म्हणतो, आणि कागद त्याच्या बाजूने बोलत नाही.

ताळ्याआधी डोळ्यांनीही बरंच कळतं. फोटो फिरवून आधी शिक्का सरळ करा आणि तोच वाचा. तो ठरावीक अंतराने पुन्हा येतो, त्यामुळे त्याचं पुढचं अक्षर कुठे पडणार हे सांगता येतं. मग पान सरळ धरून तो आकडा मोठा करून बघा. खरा आकडा शेजारच्या आकड्यांच्या रेषेवर बसतो आणि त्यांच्याच उंचीचा असतो. शिक्क्याची रेघ ओळीच्या वर किंवा खाली निसटते. फिकट राखाडी छपाई मोठी केल्यावर बहुधा बारीक ठिपक्यांची दिसते, तर मजकुराचा काळा रंग भरीव असतो. पण झेरॉक्सची झेरॉक्स काढली असेल तर या रंगावर विसंबू नका. तेव्हा राखाडी एकतर काळी होते, नाहीतर उडून जाते.

उलटही घडतं, हे विसरू नये. सगळंच शिक्का समजून खरा आकडा सोडून देणारेही भेटतात. शिक्क्याची रेघ तीनवरून गेली की तो आठ दिसतो. स्वल्पविराम किंवा दशांश टिंब तर तिच्याखाली सहज गडप होतं. म्हणून रक्कम शब्दांत लिहिली असेल तर ती वाचा, अरबी बाजू जाणकाराकडून वाचून घ्या, आणि बेरीज कराच. पण प्रोबेशनचे महिने, नोटिसीचे दिवस यांना बेरीज नसते. तिथे आकडा झाकला असेल तर अंदाज करायचा नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. ज्या आकड्यावर सही मागता तो आकडा स्वच्छ दिसलाच पाहिजे. भावांनो, एजंट म्हणाला ‘तेच आहे, करून टाक’, तरी बिनशिक्क्याची प्रत मागा. नोंदलेला करार मनुष्यबळ मंत्रालयाच्या, म्हणजे ‘मोहरे’च्या ॲपवर बघता येतो. तो उघडून आकडा जुळवा. वाद झाला तर तिथे नोंदलेला आकडा धरला जाईल, फोटोतला नाही. आकडा जुळेपर्यंत पेन खिशातच राहू द्या.