आरोग्यचिंतन : नळ्या बारीक, वाट रुंद

बडोद्याच्या एका वाचकभगिनींनी आम्हांस विचारले आहे : "श्वासनलिका अंगठ्याएवढी जाड असते आणि तिच्या शेवटच्या फांद्या टाचणीसारख्या बारीक होतात, असे मुलाच्या पुस्तकात वाचले. बारीक नळीने सरबत ओढताना दम लागतो; मग इतक्या बारीक नळ्यांतून श्वास घेताना जीव गुदमरत कसा नाही?"

शंका मार्मिक आहे. तिचे उत्तर एका नळीकडे पाहून मिळत नाही. सगळ्या नळ्यांची बेरीज करावी लागते.

श्वासनलिका छातीत उतरून दोन श्वसनींत विभागते. प्रत्येक श्वसनीला पुन्हा दोन फाटे फुटतात आणि हा क्रम वायुकोशांपर्यंत चालतो. स्विस शास्त्रज्ञ एवाल्ड वायबेल यांनी फुप्फुसांतील नळ्या मोजून १९६३ साली या वृक्षाचा एक आराखडा मांडला. त्यात तेवीस वेळा फाटे फुटतात. खरे फुप्फुस इतके रेखीव नसते. कुठे फाटे कमी, कुठे अधिक. तरी हिशेब समजण्यास तो आराखडा उत्तम आहे.

आता कागद-पेन्सिल घ्यावी. दहा मिलिमीटर व्यासाच्या नळीला सात-सात मिलिमीटरचे दोन फाटे फुटले, तर काय होते? क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दहाचा वर्ग शंभर. साताचा एकोणपन्नास, आणि त्याची दुप्पट अठ्ठ्याण्णव. म्हणजे वाट होती तेवढीच राहिली. फाटे आठ मिलिमीटरचे असतील तर मात्र चौसष्टाची दुप्पट एकशे अठ्ठावीस. प्रत्येक नळी बारीक झाली, पण एकूण वाट सव्वापटीहून अधिक रुंदावली!

पहिल्या तीन फाट्यांत नळ्या साताच्या प्रमाणाहूनही थोड्या अधिक आकसतात. म्हणून श्वासनलिकेचे अडीच चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ तेथे दोनवर येते. त्यानंतर व्यास दहास साडेआठच्या आसपास घटतो आणि क्षेत्रफळ चक्रवाढ व्याजासारखे वाढू लागते. सोळाव्या फाट्याला सुमारे पासष्ट हजार श्वसनिका होतात. एकेकीचा व्यास जेमतेम ०.६ मिलिमीटर, पण सर्वांचे मिळून क्षेत्रफळ १८० चौरस सेंटिमीटर. पुढे व्यास फारसा घटतच नाही. संख्या मात्र दर वेळी दुप्पट होते. तेविसाव्या फाट्याला क्षेत्रफळ ११,८०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एका लहान सतरंजीएवढे भरते.

पाटाचे पाणी वाफ्यांत शिरून पसरले की त्याचा वेग मंदावतो, हवेचेही तसेच. सेकंदास अर्धा लिटर हवा आत घेतली, तर श्वासनलिकेत ती सेकंदास दोन मीटर वेगाने धावते. सोळाव्या फाट्यापाशी तो वेग तीन सेंटिमीटरवर येतो, आणि शेवटी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होतो. तेथे वारा जणू थांबतोच. उरलेले काही मिलिमीटर अंतर प्राणवायूचे रेणू स्वतःच्या चंचलतेने, म्हणजे विसरणाने, क्षणार्धात ओलांडतात. त्यामुळे त्या भगिनींचा जीव गुदमरत नाही. हवेला खरा अडथळा होतो तो मधल्या आकाराच्या श्वसनींत, तळाच्या बारीक नळ्यांत नव्हे.

परंतु या सोयीतच एक धोका दडलेला आहे. वारा थांबतो तेथेच त्याने वाहून आणलेली बारीक धूळ आणि धुराचे कण खाली बसतात. इजा तेथूनच सुरू होते, आणि ती लवकर कळत नाही. पीटर मॅकलेम व जेरे मीड यांनी १९६७ साली कुत्र्यांच्या फुप्फुसांवर प्रयोग केले. दोन मिलिमीटरहून बारीक नळ्यांचा वाटा निरोगी फुप्फुसाच्या एकूण अडथळ्यात अल्पच असतो, असे त्यांना आढळले. समजा, एकूण अडथळा शंभर आहे आणि त्यात या नळ्यांचा वाटा वीस. त्यांतल्या निम्म्या नळ्या बंद पडल्या तर विसाचे चाळीस होतील, आणि एकूण अडथळा होईल अवघा एकशे वीस. निम्म्या वाटा बुजल्या तरी माणसास विशेष काही जाणवत नाही! फुंकर मारून करावयाच्या चाचणीचा नेहमीचा आकडाही बहुधा ठीकच येतो. वैद्यकशास्त्र या भागाला फुप्फुसाचा 'मूक प्रदेश' म्हणते.

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढली, चुलीच्या धुरात स्वयंपाक केला किंवा दगड-कापसाच्या धुळीत काम केले, त्यांनी "मला दम लागत नाही" एवढ्यावर निर्धास्त राहू नये. डॉक्टरांपुढे बसल्यावर खोकला-दम्याबरोबर ही वर्षेही मोजून सांगावीत. जिना चढताना धाप लागू लागते, तोवर त्या पासष्ट हजारांपैकी कितीतरी वाटा कायमच्या बुजून गेलेल्या असतात.