फोटोतली खुर्ची आईला बसेल का?

अकोल्याच्या एका वाचक ताईंनी गेल्या आठवड्यात एक फोटो पाठवला. त्यांच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, वजन 82 किलो. अमरावतीच्या ओळखीच्या घरात वापरलेली खुर्ची पडून आहे. देणारे म्हणतात, "व्हीलचेअर आहे, संडासालेही चालते. मजबूत आहे न बाप्पा, दीडशे किलोचा माणूस बसला तरी काही होत नाही." घ्यावी का, असा ताईंचा प्रश्न आहे.

फोटोत आधी चाकं पाहावीत. हातानं ढकलायची कडी असलेली मोठी मागची चाकं असतील, तर ती माणसाला स्वतः चालवता येणारी व्हीलचेअर. मागची चाकं मध्यम आकाराची आणि मागे दोन मुठी असतील, तर ती दुसऱ्यानं ढकलायची. या फोटोत चारही चाकं वाटीएवढी आहेत, बैठकीला मधोमध भोक आहे आणि खाली भांडं सरकवायच्या पट्ट्या आहेत. म्हणजे ही चाकांची कमोड खुर्ची. पलंगापासून संडासापर्यंत सपाट फरशीवर ती ठीक. उंबरठ्याशी हीच चाकं अडतात आणि बसलेलं माणूस पुढे झुकतं. दवाखान्याच्या आवारात न्यायला ती कामाची नाही.

फोटोतली फरशी दोन फुटी असेल, तर खुर्चीच्या पायांमधलं अंतर ढोबळमानानं कळतं. इथे पाय एका फरशीच्या आत बसलेत, म्हणजे खुर्ची 24 इंचांच्या आतली. पण हा अंदाज फक्त जमिनीलगत खरा. बैठक कॅमेऱ्याच्या जवळ असते, म्हणून ती आहे त्याहून रुंद दिसते. तेव्हा मी ताईंना सांगितलं, खुर्चीच्या दोन हातांच्या मध्ये टेप धरून फोटो मागवा, दुसरा फोटो जमिनीपासून बैठकीपर्यंत टेप उभा धरून.

इकडे आईंचं माप घेतलं. खुर्चीवर बसवून मांड्यांच्या सगळ्यात रुंद जागी 17 इंच, आणि गुडघ्याच्या मागच्या घडीपासून टाचेपर्यंत 16 इंच. टेपचे फोटो आले. दोन हातांत अंतर 18 इंच, म्हणजे रुंदी जेमतेम पुरते. साडी नि चादर धरून दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक लागतेच. बैठकीची उंची मात्र 20 इंच, आणि तिचे पाय कमी-जास्त होत नाहीत. घोळ इथे आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर बैठक गुडघ्याच्या घडीपेक्षा जरा वर हवी, कारण खोल बसलं की खुबा फार वाकतो. पण चार इंच वर म्हणजे तळवे लोंबकळणार, बैठकीची कड मांडीत रुतणार आणि उठताना जमिनीला जोर देता येणार नाही. आईंना साधारण 17-18 इंच उंची लागेल. ती नेमकी किती, हे त्यांच्या सर्जनना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवावं.

आता वजन. दीडशे किलोचा माणूस एकदा बसून गेला, याला मी पुरावा मानत नाही. तो अलगद बसतो, अलगद उठतो. पायात जोर नसलेली बाई शेवटचे चार इंच धपकन बसते आणि उठताना सगळा भार एका हातावर टाकते. म्हणून कंपनीनं दिलेली मर्यादाच धरायची. ती बहुधा बैठकीखाली किंवा पाठीमागच्या नळीवरच्या लेबलवर किलोत छापलेली असते. साध्या खुर्च्यांवर बऱ्याचदा 100 किलो लिहिलेलं असतं. तशी खुर्ची 82 किलोला चालेल. या खुर्चीवरचं लेबल मात्र निघून गेलंय, आणि एका सांध्याच्या वेल्डिंगला गंज आहे.

उभं राहता न येणाऱ्या माणसाचं वजन अंदाजानं धरू नका. धान्याच्या दुकानातल्या सपाट काट्यावर आधी रिकामी व्हीलचेअर चढवा, मग माणसासकट, आणि वजाबाकी करा.

ताईंना मी ही खुर्ची घेऊ नका म्हटलं. त्यांना हवी ती बिनचाकांची कमोड खुर्ची, पायांत एकेका इंचावर भोकं असलेली. बटण दाबून उंची बदलते आणि चारही पायांना रबरी बुचं असतात. वॉकरलाही अशीच भोकं असतात: आई सरळ उभ्या राहून हात खाली सोडतील, तेव्हा मूठ मनगटाच्या घडीशी यावी.

2024 पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 2 लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदाच 3000 रुपये थेट खात्यात देण्याची तरतूद आहे. त्यात कमोड खुर्ची, वॉकर आणि व्हीलचेअर बसतात. वस्तू आपणच निवडायची, म्हणून पारखही आपलीच. पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून टेपचे दोन आणि लेबलचा एक फोटो मागवाच. लेबल नसेल आणि कंपनी-मॉडेलही सांगता येत नसेल, तर ती खुर्ची घेऊ नका.